निर्माल्य: डिझायनरला नकाराची ईमेल लिहायचीय, शब्दाचा अर्थ नीट सांगायला मदत हवी

शेवंती_२२

नमस्कार मंडळी. माझा घरपोच फुलपुडीचा छोटा धंदा आहे पुण्यात. पहाटे ४ ला मार्केटयार्डाच्या फुलबाजारात जाते, घरी येऊन पुड्या बांधते (झेंडू, शेवंती, दोनतीन गुलाब, दूर्वांची जुडी, तुळस, सोमवारी बेल) आणि साडेसहाच्या आत ६० घरांच्या कडीला लावून येते. आता जरा नाव, लोगो, पिशवीवर छपाई असं करावं म्हणून एका डिझायनरला काम दिलं. मुलगी हुशार आहे, कामही सुंदर केलंय, पण नाव सुचवलंय 'निर्माल्य'. मी वाचून गारच पडले.

माझ्या नेहमीच्या एका आजोबांना सहज पुडी देताना विचारलं की आजोबा, निर्माल्य असं नाव ठेवलं तर कसं वाटेल, तर ते पुडी हुंगून म्हणाले, "म्हणजे कालची फुलं देणार का गं आता?"

तर ईमेलचा कच्चा मसुदा असा आहे:

> "निर्माल्य म्हणजे देवावरून काढून टाकलेली शिळी फुलं, म्हणजे कचराच. हे नाव चालणार नाही. कृपया दुसरं काहीतरी छान, पवित्र वाटेल असं सुचवा."

हे बरोबर आहे का? ती म्हणते त्याचा अर्थ पवित्र असा आहे. मला वाद घालायचा नाही पण नक्की अर्थ काय ते कळलं तर बरं.

गुळपोळी

ती बरोबर बोलतेय की! निर्मल पासून निर्माल्य, म्हणजे निर्मळपणा. मूळ अर्थ पवित्रताच आहे, आपण मराठी लोकांनी तो नंतर फुलांना लावला. शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यामुळे खात्रीने सांगते.

जुनाट_पोथी

गुळपोळी, इथे थोडी गल्लत होतेय. निर्मल या विशेषणाचं भाववाचक नाम नैर्मल्य. निराशचं नैराश्य होतं, निपुणचं नैपुण्य होतं, मधुरचं माधुर्य. पहिल्या अक्षराचा स्वर वाढतो आणि शेवटी य लागतो. निर्माल्यात नि तसाच राहिलाय आणि मधला मा लांबलाय, म्हणजे हे रूप त्या वाटेने आलेलंच नाही. ते आहे निर् अधिक माल्य. माल्य म्हणजे माळ, फुलं. माल्यार्पणात आहे तेच. माळेतून गळलेलं, उतरवलेलं ते निर्माल्य.

पण शेवंतीताई, तुमच्या मसुद्यातला 'कचरा' हा शब्दही चूक आहे हो. निर्माल्य कचऱ्यात टाकत नाहीत म्हणून तर गणपतीत विसर्जन घाटांवर त्याच्यासाठी वेगळे कलश ठेवतात. शिवमहिम्न स्तोत्राशी जोडलेली पुष्पदंत गंधर्वाची कथा आठवा. तो राजाच्या बागेतली फुलं रोज अदृश्य होऊन चोरायचा, म्हणून राजाने वाटेत शंकराचं निर्माल्य पसरून ठेवलं, याचा पाय त्यावर पडला आणि सगळी शक्ती गेली. म्हणजे निर्माल्य ओलांडायचंही नाही इतका त्याचा मान, फक्त ते परत देवाला वाहत नाहीत. तुमच्या धंद्याला अडचण नेमकी या दुसऱ्या गोष्टीची आहे. तुम्ही पूजेच्या आधीची फुलं विकता आणि नाव पूजेनंतरचं.

गुळपोळी

मान्य, नैर्मल्य मी विसरले होते. पण एका कोशात निर्माल्यासमोर शुद्धता हाही अर्थ मी स्वतः पाहिलाय, तो काय मग?

जुनाट_पोथी

पाहिला असेल, आहेच तो. पण तो नैर्मल्याच्या जागी झालेल्या लेखनचुकीतून आला असं मानतात. मला ते पटतं. तुम्हाला नसेल पटत तर राहू दे.

बाल्कनीतली_बाग

निर्माल्य फेकू नका! आधी दोरा, प्लास्टिकची जर, कापूर असं सगळं काढा, मग फुलं पसरून दोन दिवस वाळवा, ओली घातली तर खताला वास मारतो. एक थर फुलं आणि एक थर सुकी पानं, वर थोडं आंबट ताक. माझ्या जास्वंदीला याच खतावर इतक्या कळ्या येतात की बास.

शेवंती_२२

बाग ताई, धागा वेगळा आहे हो 😀 पण ताकाचं लिहून ठेवलं.

सकाळची_लोकल

आमच्या टीम लीडचं नावच निर्माल्य आहे, बंगाली आहे. पहिल्या दिवशी मी हसू कसं दाबलं ते मलाच माहीत. तिकडे बऱ्यापैकी कॉमन नाव आहे हे. तुमची डिझायनर कुठली?

शेवंती_२२

भुवनेश्वरची. पुण्यात ६-७ वर्षं आहे, मराठी छान बोलते, ईमेलसुद्धा मराठीतच चालते. का, काय झालं?

राउरकेला_रिटर्न

अहो मग सगळा उलगडा झालाच की! मी नोकरीनिमित्त ११ वर्षं ओडिशात काढली. तिथे निर्माल्य म्हणजे फुलं नव्हेतच. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादाचा भात उन्हात खडखडीत वाळवतात, त्याला निर्माल्य म्हणतात. लाल कापडाच्या चिमुकल्या पुरचुंडीत मिळतो, लोक घरी देवापाशी ठेवतात, सकाळी एखादा दाणा तोंडात टाकतात, आणि आपल्याकडे शेवटच्या क्षणी गंगाजळ घालतात तसा तिकडे माणूस जायला लागला की निर्माल्याचा दाणा तोंडात घालतात. आमच्या शेजारच्या मावशींनी आम्ही निघताना एक पुरचुंडी दिली होती, ती अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे.

म्हणजे त्या मुलीने तुम्हाला तिच्या घरातला सगळ्यात मोठा शब्द दिलाय आणि तुम्ही उत्तरात 'कचरा' लिहिताय. जाऊ द्या ती ईमेल अशी आणि बघा काय होतं.

शेवंती_२२

अरे देवा. बरं झालं पाठवली नाही. मला वाटलं तिने निर्मळवरून काहीतरी जुळवलं असेल.

खडूस_ग्राहक

एवढं काय त्यात, ती डिझायनर आहे, पैसे घेतेय, नाव आवडलं नाही एवढं सांगा आणि मोकळ्या व्हा. कारणं कशाला द्यायची?

अक्षरवेडा

खडूस, मी हेच काम करतो म्हणून सांगतो, 'आवडलं नाही, छान काहीतरी द्या' अशी ईमेल आली की पुढची १० नावंही तशीच अंधारात मारलेली असतात. पवित्र वाटेल असं तर तिने दिलंच होतं! तिला अडलं कुठे हे कळायला हवं. आणि अर्थ कोशातला सांगू नका ताई, गिऱ्हाईकाच्या कानाला काय ऐकू येतं ते सांगा. ते आजोबांचं वाक्य जसंच्या तसं टाका, माझ्या मते तेवढ्यानेच काम होईल. शिवाय नकार नावाला आहे की चित्रालाही आहे हे स्पष्ट लिहा, नाहीतर ती बिचारी सगळंच फाडून परत पहिल्यापासून सुरू करेल.

माझी एक युक्ती सांगतो. नावाला वाला-वाली लावून दारातून ओरडून बघायचं. आपल्याकडे दुकानाचं नाव कोणी घेत नाही, दूधवाला आला, पेपरवाला आला. "आई, निर्माल्यवाली आलीय" म्हटलं की आई आतून कालची फुलं घेऊन येईल द्यायला!

शेवंती_२२

😂😂 हे ईमेलमध्ये घालतेच. मग सरळ 'फुलपुडी'च नाव ठेवलं तर? सगळ्यांना कळतं.

अक्षरवेडा

कळतं हीच पंचाईत आहे. ट्रेडमार्कचा १९९९ चा कायदा आहे त्याच्या कलम ९ मध्ये मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव नोंदवून मिळत नाही. वर्षानुवर्षं वापरून लोक ते नाव तुमचंच म्हणून ओळखायला लागले तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करत बसावं लागतं. ताजी फुलं वर्ग ३१ मध्ये येतात, त्यात शोध घेऊनच पुढे जा. फुलपुडी खाली बारीक अक्षरात लिहा, वर नाव दुसरं.

भाजणीवाली

माझ्या मुलीने डब्याच्या धंद्याला 'तृप्ती' ठेवलं आणि आता सगळे तिलाच तृप्ती म्हणतात, तिचं नाव वेगळंच आहे. आता तीही ओ देते.

शेवंती_२२

नवीन मसुदा. बघा जमलाय का:

> "नमस्कार,
> आधी एक सांगते, पिशवीवरचं तुझं चित्र (पानात बांधलेली पुडी आणि दोऱ्याची गाठ) मला फार आवडलंय, त्याला हात लावू नकोस. बदलायचं आहे ते फक्त नाव.
>
> तुमच्याकडे निर्माल्य म्हणजे जगन्नाथाचा वाळवलेला महाप्रसाद हे मला कालच कळलं, आणि तू ते नाव का सुचवलंस तेही लक्षात आलं. शब्द पवित्रच आहे, आमच्याकडेही. पण मराठी घरात निर्माल्य म्हणजे सकाळी देवावरून उतरवलेली कालची फुलं. ती मानाने बाजूला ठेवतात पण परत वाहत नाहीत. मी विकते ती अजून वाहायची आहेत. एका आजोबांना नाव सांगितलं तर त्यांनी विचारलं, 'म्हणजे कालची फुलं देणार का गं आता?' आणि दारात कोणी 'निर्माल्यवाली आली' म्हणालं तर लोक मला फुलं द्यायला येतील, घ्यायला नाही. देवाला वाहिलेल्या फुलांपासून उदबत्त्या करणारं कोणी असेल तर त्यांना हे नाव अगदी चपखल बसेल.
>
> पुढे असं बघ: फूल देवापर्यंत पोचण्याच्या आधीची वेळ किंवा वस्तू. पहाट, दहिवर, ओंजळ, परडी, या घरातले शब्द. घरात रोज तोंडात असणारा, तीन-चार अक्षरी, फोनवर एकदा सांगून ७० वर्षांच्या माणसाला कळेल असा. 'सु' किंवा 'पुष्प' ने सुरू होणारी नावं नकोत, तशी पाट्यांवर खूप आहेत. 'फुलपुडी' हे नाव म्हणून नको, नोंदणीला अडतं, पण खाली बारीक असू दे. चारपाच नावं पाठव, प्रत्येकाला वाली लावून मोठ्याने म्हणून बघ आणि मगच पाठव."

अक्षरवेडा

झकास. एकच, ओंजळ घेतलंत तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये ळ मरतो, Onjal चं लोक काहीही वाचतात. म्हणून पिशवीवर देवनागरीच मोठं ठेवायला सांगा.

सोलापुरी

ताई परडी काढा त्यातून. तुमच्या पुण्यात परडी म्हणजे फुलं तोडायची टोपली असेल, आमच्याकडे परडी देवीची असती. आराधीण, जोगतीण मंगळवार-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायला येती, गळ्यात कवड्यांची माळ. तुमचीच युक्ती लावा की, 'परडीवाली आली' म्हटलं तर आमची आजी सुपात पीठ-मीठ घेऊन बाहेर येईल.

गुळपोळी

पण धंदा पुण्यात आहे ना? पुण्यात कोण असा अर्थ घेणार आहे.

सोलापुरी

पुण्यात निम्मं सोलापूरच राहतंय आता.

जुनाट_पोथी

मी परडी ठेवली असती. दोन्ही अर्थ चांगलेच आहेत आणि देवीच्या परडीतही ताजंच असतं, शिळं काही नसतं. निर्माल्यासारखा उलटा अर्थ होत नाही. फक्त जोगवा मागण्याच्या वस्तूवरून धंद्याचं नाव घेणं कोणाला खटकेल का, ते मात्र त्या भागातल्या लोकांनीच सांगावं.

सोलापुरी

मला नाही खटकणार. आईला विचारून सांगतो.

शेवंती_२२

ईमेल आत्ताच पाठवली, परडी तशीच ठेवून. खाली एक ओळ वाढवली की परडीबद्दल थांब, सोलापूरहून उत्तर यायचंय. आता झोपते, ३ ला उठायचंय.