नवीन ऑफिसच्या उद्घाटनाचा शुभेच्छा संदेश

"सांगलीत मित्राच्या घरच्या हळद अडतीच्या पेढीचं नवं ऑफिस उद्या सुरू होतंय. काका-काकू, दोघे भाऊ सगळे त्यातच. नुसतं 'अभिनंदन' कोरडं वाटतं. काय लिहू?"

आधी विचारून घ्या, मार्केट यार्डातली जुनी गादी, म्हणजे पेढीची जुनी जागा, चालू राहणार की बंद होणार? चालू राहणार असेल आणि तुम्ही 'नव्या जागेत स्थलांतर' लिहिलंत, तर ग्रुपवरचा शेतकरी जुन्या ठिकाणी माल घेऊन जाणारच नाही. जागा भाड्याची असेल तर 'स्वतःची वास्तू' नको, 'नवं ऑफिस' पुरे.

नावं घ्यायची तर काकांचं आधी, पण काकूंचं गाळू नका. घरच्या पेढीत पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या चिठ्ठ्यांचा, हिशेब बऱ्याचदा त्याच बघतात, आणि मेसेजमध्ये फक्त 'काका आणि मुलं' असतात!

'तुम्हाला अभिनंदन' मात्र टाळा. अभिनंदन 'तुमचं' करतात, शुभेच्छा 'तुम्हाला' देतात. खाली सही करताना 'शुभेच्छुक', छु ऱ्हस्व.

हे असं चालेल:

"काका, काकू आणि दोघे भाऊ, नव्या ऑफिसबद्दल तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. यार्डातल्या गादीवर शेतकऱ्याला वजन आणि पट्टी चोख मिळते, तीच खात्री इथेही मिळो. हळदीला भाव आणि पेढीला बरकत लाभो. संध्याकाळी पेढे खायला येतोच."

शेवटचं वाक्य जाणार असाल तरच ठेवा. पाठवा पूजेच्या आधी, सकाळी. नंतर पाहुण्यांच्या गडबडीत फोन कोण बघतंय!