दिवाळी पहाटला तिकीट असून परत गेलेल्यांना माफीपत्र : पैसे परत द्यायचे का पुढच्या कार्यक्रमाचा पास?

आयोजक_परभणी : आमच्या मंडळाच्या दिवाळी पहाटला हॉल ६०० खुर्च्यांचा, आले जवळपास ७०० आणि ९५ जणांना गेटवरून परत पाठवावं लागलं. माफीपत्र लिहायलोत. 'रसिकांच्या अभूतपूर्व प्रतिसादामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या कार्यक्रमाचा मोफत पास देऊ' असं लिहिलंय. चालंल का?

मानवतकर : नाही चालणार. मी त्या ९५ मधला. पहाटे चारला आईला उठवलं, अभ्यंगस्नान झालं, नवीन लुगडं नेसून बिचारी तयार, त्या वेळेला एसटी कुठली म्हणून जीप केली १२०० रुपयाला, अन् गेटवर पोरगं म्हणतंय फुल्ल झालं. आई पायरीवर बसून आतलं गाणं ऐकायली होती, दार बंद केलं तर तेही गेलं. आणि तुम्ही 'अभूतपूर्व प्रतिसाद' म्हणता, म्हणजे आम्ही आलो हीच आमची चूक का?

जुना_व्यवस्थापक : आधी हे सांगा, तिकिटं किती विकली अन् पास किती वाटले?

आयोजक_परभणी : तिकिटं ४२०, तीनशे रुपयाला एक. प्रायोजकांना पास १५०. बेरीज ५७०, म्हणजे ३० खुर्च्या शिल्लकच होत्या.

जुना_व्यवस्थापक : पासवर 'दोन व्यक्तींसाठी' छापलं होतं का?

आयोजक_परभणी : हो, दरवर्षी छापतोच.

जुना_व्यवस्थापक : मग तिथंच झालं बघा. १५० पास म्हणजे ३०० माणसं, बेरीज ५७० नाही ७२०. एरवी पासवाले निम्मे येत नाहीत म्हणून खपून जातं, दिवाळीत मात्र घरात पाहुणे असतात, कोण घरी बसतंय. त्यात खुर्च्यांना नंबर नाहीत, पासवाले लवकर येऊन बसले आणि पैसे भरलेले बाहेर राहिले. हेच पत्रात लिहा, सरळ : 'प्रत्येक पास दोघांचा होता, आम्ही तो एकाचा धरून मोजला. चूक आमची आहे.' एवढं वाचलं की माणूस निम्मा शांत होतो, कारण त्याला कळतं की आपल्याला काय झालं ते ह्यांना कळलंय.

वकील_पाव्हणा : असं लेखी दिलं की ग्राहक आयोगात तोच पुरावा. मोघमच ठेवा.

जुना_व्यवस्थापक : पुरावा होतो, बरोबर आहे. पण त्याच्याकडं तिकीट आहे, गेटवरचा फोटो आहे, मोघम लिहून ते थोडंच लपणार? पैसे भरलेला माणूस २०१९ च्या कायद्यात ग्राहक आहे, दोन वर्षांत तक्रार करू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फीसुद्धा नाही. पैसे हातात पडले तर तो तिकडं जायची शक्यता फार कमी. फुकट पासवाल्याला मात्र सहसा ग्राहक धरत नाहीत.

सेलूची_लेक : कलाकारांचं मानधन कापणार का मग? त्यांची काय चूक?

आयोजक_परभणी : ताई, पत्र परत गेलेल्या प्रेक्षकांना आहे, कलाकारांचं सगळं दिलंय. बाहेर राहिलेल्यांत ८० तिकीटवाले, १५ पासवाले. ८० × ३०० म्हणजे २४ हजार, मंडळाकडं आत्ता तेवढे नाहीत, म्हणून पास म्हणलो.

मानवतकर : ज्यानं एकदा परत पाठवलं त्याच्याच दारात पुन्हा यायचा पास. आई येणार नाही आता.

जुना_व्यवस्थापक : पास वरून द्या, पैशाच्या बदल्यात नाही. पत्रात तारीख टाका, 'अमुक तारखेपर्यंत ३०० रुपये जिथून आले तिथंच परत येतील, फॉर्म भरायचा नाही, कुठं यायचं नाही.' ऑनलाइन तिकिटावर बुकिंगचे वेगळे पैसे कापले असतील तर तेही धरा. आणि पुढच्या वेळी नंबरची खुर्ची, दार उघडल्यापासून पाचवी-सहावी रांग राखीव, येता येत नसंल तर घरच्या दुसऱ्याला देता येईल असं. २४ हजार नसतील तर प्रायोजकाला मागा, त्यांच्याच पासमुळं झालंय.

वकील_पाव्हणा : प्रायोजक देणार नाही, पुढच्या वर्षी उभाही करणार नाही.

सेलूची_लेक : मग पासवाल्या १५ जणांना काहीच नाही? तेबी पहाटे उठूनच आले होते की.

जुना_व्यवस्थापक : त्यांना वेगळं पत्र, पैशाची ओळ काढून, राखीव खुर्ची तेवढी ठेवून. एकच पत्र सगळ्यांना पाठवलं तर ज्याला ३०० येणार नाहीत तो वाट बघत बसतो.

मानवतकर : अन् माझी जीप?

जुना_व्यवस्थापक : बाहेरगावच्यांना भाडं द्यावं असं माझं मत, पावती असो नसो.

आयोजक_परभणी : पावती नसताना कसं देऊ, सभासद मलाच विचारतील. भाड्याचं आज रात्रीच्या बैठकीत ठेवतो. 'अभूतपूर्व' काढला. पत्र ९५ जणांना वेगवेगळं नावानिशी पाठवायचं ठरवलंय, पण १५ पासवाल्यांची नावंच आमच्याकडं नाहीत.