मदत हवी आहे: हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी घरी न्यायचे पत्रक

नमस्कार. आमच्या वॉर्डात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना दाखवल्या जाणाऱ्या 40 स्लाइड्सचे मी एकपानी पत्रक करत आहे. ‘द्रवसंचयाची लक्षणे आढळल्यास संपर्क साधावा’ याऐवजी मी लिहिले आहे: ‘रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा, 3 दिवसांत ते 2 किलोपेक्षा जास्त वाढले, पाय सुजले किंवा झोपताना जास्तीची उशी लागू लागली, तर त्याच दिवशी फोन करा.’ परंतु ज्यांच्या घरी वजनकाटाच नाही, त्यांच्यासाठी काय लिहावे? घोट्याजवळ बोटाने दाबून खड्डा राहतो का, हे पाहणे घरच्यांना जमते का? ही खूण बहुधा वजन वाढल्यानंतरच दिसते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबायला मन धजत नाही. कृपया आपला अनुभव सांगावा.