मदत हवी आहे: व्हिडिओवरून लेथमधील ठोक्याचे कारण कसे शोधावे?

खानापूरचा टर्नर
नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत माझे लहान वर्कशॉप आहे. तेथील जुन्या गिअर हेडच्या लेथमधून गेल्या पंधरवड्यापासून ‘धब्‌-धब्‌’ असा ठोका येत आहे आणि हेडस्टॉकवर हात ठेवला की तो हाताला जाणवतो. मोटर 3 एचपीची असून तिच्या पाटीवर 1440 आरपीएम लिहिले आहे. मोटरवरून दोन व्ही-पट्टे हेडस्टॉकच्या मोठ्या पुलीवर येतात. हेडस्टॉक उघडायचा म्हणजे दोन दिवस काम बंद, आणि निपाणीच्या गिऱ्हाइकाला शाफ्ट शनिवारी द्यायचे आहेत. म्हणून मोबाइलवर काढलेले दोन व्हिडिओ येथे टाकले आहेत. एकात स्पिंडल सावकाश फिरत आहे, दुसऱ्यात वेगाने. यावरून दोष कोठे आहे, हे सांगता येईल का?

शिरोली_फिटर
हा बेअरिंगचाच आवाज आहे. शिवाय व्हिडिओत मोठ्या पुलीचे आरे जवळजवळ थांबलेले दिसतात, म्हणजे पट्टाही घसरत आहे. आधी पट्टे ताणून घ्या, तरीही ठोका राहिला तर हेडस्टॉक उघडावाच लागेल.

जुना मेंटेनन्सवाला
पट्टे ताणण्याची घाई करू नका. दोषी बेअरिंगवर जादा ताण आला तर ते आणखी लवकर जाईल. आरे थांबल्यासारखे दिसतात तो कॅमेऱ्याचा परिणाम आहे. आपल्या पुलीला पाच आरे आहेत आणि ती सेकंदाला सुमारे बारा फेरे घेत असावी. साधा व्हिडिओ सेकंदाला 30 चित्रे घेतो, त्यामुळे एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत पुली जेमतेम दोन आऱ्यांइतकी पुढे सरकते आणि प्रत्येक आऱ्याच्या जागी दुसरा आरा आलेला दिसतो. वेग किंवा घसरण अशा चित्रावरून ठरवता येत नाही.

आवाजाचे मात्र तसे नाही. मी दोन्ही व्हिडिओ हेडफोन लावून ऐकले, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून इतका खर्जातला ठोका नीट येत नाही. दोन्हींत दहा सेकंदांत 49 ते 50 ठोके मोजले. स्पिंडलचा वेग बदलूनही ठोक्यांची गती तीच राहिली, म्हणजे स्पिंडल आणि त्याची बेअरिंगे या ठोक्याला कारण नाहीत. मोटर सेकंदाला चोवीसच्या वर फिरते, मोठी पुली बारा. पाचच ठोके पडत असतील तर त्या दोघांहूनही सावकाश फिरणारी वस्तू शोधली पाहिजे. दोन्ही पुलींचे व्यास आणि पट्ट्याची लांबी कळवा. लांबी मशीन बंद करून दोरीने मोजा.

निपाणीकर
माझ्या कॉम्प्रेसरलाही असाच आवाज येतो, व्हॉल्व बदलूनही गेला नाही. व्हिडिओ टाकू का?

जुना मेंटेनन्सवाला
भाऊ, कॉम्प्रेसरचा ठोका पिस्टनच्या फेऱ्याशी बांधलेला असतो, त्याचे गणित वेगळे. कृपया नवा धागा काढा.

खानापूरचा टर्नर
मोटरची पुली 100 मिलिमीटर, मोठी 200, आणि पट्टा सुमारे 1560 मिलिमीटर भरला.

जुना मेंटेनन्सवाला
रिकामी चालताना मोटर पाटीवरच्या आकड्याहून थोडी जास्त, 1480 च्या आसपास फिरते. लहान पुलीच्या एका फेऱ्यात पट्टा 314 मिलिमीटर सरकतो. 314 ला 1480 ने गुणून 1560 ने भागले की मिनिटाला सुमारे 298 येतात, म्हणजे दहा सेकंदांत पट्ट्याचे जवळपास 50 फेरे. आपण मोजलेले ठोके तेवढेच आहेत. एका पट्ट्यावर कोठेतरी गाठ, भेग किंवा बसका भाग असावा असे मला वाटते.

खात्रीसाठी मशीन पूर्ण बंद करून मेन स्विच काढा आणि दोन्ही पट्ट्यांवर खडूची एकेक खूण करा. नंतर दूर उभे राहून स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला 240 चित्रे घेऊन, व्हिडिओ काढा. गार्ड उघडा असेल तर फोन स्टँडवरच ठेवा, चालत्या पट्ट्याजवळ हात नेऊ नका. प्रत्येक धक्क्याच्या वेळी पट्ट्याची खूण त्याच जागी असेल तर शंका उरणार नाही. त्यानंतर पट्टे काढून मोटर एकटी चालवून ऐका.

खानापूरचा टर्नर
आज सकाळी सांगितल्याप्रमाणे केले. बाहेरच्या पट्ट्याची खूण लहान पुलीवर आली की दर वेळी पट्टा किंचित उचलला जात होता. मोटर एकटी अगदी शांत चालली. पट्टा काढून उलटा वाकवला तेव्हा आतल्या बाजूला बोटभर भेग दिसली आणि तेथील रबर फुगलेले होते. जुन्या पट्ट्याशेजारी नवा लावला तर ताण सारखा येत नाही, म्हणून दोन्ही एकाच जोडीचे नवे बसवले. ठोका गेला.

मात्र वरच्या वेगात एक बारीक ‘घूं’ आवाज अजून ऐकू येतो. तो आधीही असावा, ठोक्यामुळे लक्षात आला नसेल.

शिरोली_फिटर
ठोक्याबाबत माझा अंदाज चुकला, हे मान्य. पण हा ‘घूं’ स्पिंडलच्या वेगासोबत चढत-उतरत असेल तर बेअरिंग पाहावेच लागेल.

जुना मेंटेनन्सवाला
गिअरचाही असू शकतो. तीन वेगवेगळ्या वेगांवर, फोन एकाच जागी ठेवून, नवीन व्हिडिओ काढा. व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखा पाठवू नका, फाइल म्हणून पाठवा, नाहीतर बारीक आवाज दबून जातो.

खानापूरचा टर्नर
शाफ्ट शनिवारी गेले की रविवारी काढतो.