अनुभव धागा: मराठी दाखला, इंग्रजी भाषांतर आणि परदेशी शिष्यवृत्ती

वारणाकाठची
धाकट्या भावाने नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलाय. कागद दोनच हवे होते, वडिलांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आणि भावाचं डोमिसाइल. डोमिसाइल इंग्रजीतच छापून आलं होतं. दाखला मराठीत, म्हणून कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून भाषांतर करून घेतलं, नोटरीचा शिक्का मारला आणि पाठवून दिलं. तीन आठवड्यांनी मेल आला: हे कागद दोन वेगळ्या कार्यालयांचे आहेत का? आणि उत्पन्न एकट्या वडिलांचं की सगळ्या घराचं?

दोन्ही कागद एकाच तहसील कार्यालयाचे, सही एकाच तहसीलदारांची. पण भाषांतरात वर ते 'रेव्हेन्यू ऑफिसर' होते आणि खाली शिक्क्यात 'तालुका मॅजिस्ट्रेट'. 'कुटुंबातील सर्व सदस्यांचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न' या ओळीचं झालं होतं 'हिज इअरली इन्कम'. आईची शिवणकामाची कमाई त्यात धरलेली आहे, ती गायबच! आता नव्याने करायचंय. तुमच्याकडे काय घडलं ते सांगा.

सोलापूरकर
आमच्याकडे मौज झाली. पत्त्यात 'मौजे' होतं, ते वडिलांच्या नावाला चिकटलं आणि 'मु. पो.'चं झालं मोहम्मद. तीन वर्षं मी अर्जांमध्ये गावाचं नाव शोधत बसलो असतो. माझा सल्ला सरळ आहे, रुपये डॉलरमध्ये करून टाका. परदेशातल्या माणसाला २,१०,००० हा आकडा चुकीचाच वाटतो, स्वल्पविराम भलत्या जागी पडलाय असं वाटतं.

दस्तनवीस
सोलापूरकर, दुखणं बरोबर ओळखलंत, पण औषध चुकलं. भाषांतरात डॉलर आला की ते भाषांतर राहत नाही, तो तुमचा हिशोब होतो. दर कुठल्या दिवसाचा धरलात, हा प्रश्न लगेच येतो. आकडा मुळात आहे तसाच ठेवायचा, अक्षरी रक्कम 'टू लाख टेन थाउजंड' अशीच लिहायची आणि पानाखाली भाषांतरकाराची टीप द्यायची, की एक लाख म्हणजे शंभर हजार. डॉलर किंवा युरो अर्जाच्या फॉर्ममध्ये, तिथे विचारले असतील तर.

वारणाकाठच्या ताई, मी पुण्यात हेच काम करतो. भाषांतराला हात लावण्याआधी एका कागदावर शब्द उतरवून घेतो. नावांचं स्पेलिंग पासपोर्टवरून, बाकी कशावरूनही नाही. पदांची आणि कागदांची नावं सरकारने स्वतः इंग्रजीत छापली असतील तर तीच. तुमचं डोमिसाइल इंग्रजीत आहे, म्हणजे अर्धा शब्दकोश तुमच्या हातातच आहे. त्यावर तालुका, जिल्हा, तहसीलदार जसे लिहिलेत तसेच उत्पन्नाच्या दाखल्यात लिहायचे. तहसीलदारमध्ये टीनंतर ए की ई, एवढंसुद्धा तिथूनच. डोमिसाइलवर नसलेला शब्द महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या इंग्रजी प्रतीत बघतो. तलाठी तिथे तलाठीच आहे आणि मंडळ अधिकारी सर्कल ऑफिसर. पद ओळखीचं वाटावं म्हणून तहसीलदाराला मॅजिस्ट्रेट करायचं नाही. हवं तर एकदाच टीप द्या, तालुक्याचा महसूल अधिकारी म्हणून.

मात्र सही खरंच नायब तहसीलदारांची असेल तर 'नायब' गाळायचं नाही. एकसारखेपणासाठी तपशील सपाट करणं ही दुसरी चूक.

मुक्ताई
माझ्या बाबतीत उलटं झालं. भाषांतर करणाऱ्याने 'रहिवासी दाखला' आणि 'अधिवास प्रमाणपत्र' दोन्हींना रेसिडेन्स सर्टिफिकेट लिहिलं. मला वाटलं, एकच कागद दोनदा गेलाय, म्हणून मी एक काढूनच टाकला. नेमकं डोमिसाइल गेलं! रहिवासी म्हणजे आज कुठे राहतो, अधिवास म्हणजे कुठला. महाराष्ट्रात त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतात ते उगाच नाही. मूळ नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र', त्यातले तिन्ही शब्द इंग्रजीत यायला हवेत.

तेरणाकाठचा
आमच्या दाखल्यावर जिल्हा धाराशिव, माझ्या पासपोर्टवर उस्मानाबाद. भाषांतरात कुठलं लिहायचं? वडील म्हणतात पासपोर्टसारखं लिही, म्हणजे कटकट नाही.

दस्तनवीस
दाखल्यावर जे छापलंय तेच, धाराशिव. पुढे टीप, की २०२३ पूर्वी उस्मानाबाद. जुनं नाव थेट बसवलं आणि कुणी मूळ प्रत शेजारी धरली, तर फरक दिसतोच.

मुक्ताई
मी टीप भाषांतरात घातली नव्हती, वेगळं पत्र जोडलं होतं. चाललं. उलट टीप पाहून 'भाषांतरकाराने मजकूर वाढवला' असं म्हणणारेही भेटलेत.

दस्तनवीस
असेलही. मी टीप चौकोनी कंसात, तिरप्या अक्षरात आणि 'भाषांतरकाराची टीप' असं लिहून घालतो, म्हणून अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

मिलानहून
मला तर इटालियन करून घ्यावं लागलं. इथल्या प्रादेशिक शिष्यवृत्तीला इझे पारिफिकातो नावाचं घरच्या आर्थिक स्थितीचं प्रमाणपत्र लागतं, त्यात घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न आणि मालमत्ता येते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारी ते डिसेंबरचं उत्पन्न मागतात, आपला दाखला एप्रिल ते मार्चचा. दाखल्यातलं '२०२२-२३' मी २०२२ असं लिहिलं, ते परत आलं. मग एपोस्टिल, मग पुन्हा भाषांतर. तुम्हाला निदान इंग्रजीवर भागतंय.

वारणाकाठची
आम्हाला इंग्रजीच हवंय, पण वर्षाचं उपयोगी पडलं. टायपिस्टने आमच्याही दाखल्यावरचं '२०२२-२३' नुसतं २०२३ केलं होतं, आत्ता बघतेय.

दस्तनवीस
ते २०२२-२३ असंच ठेवा आणि टिपेत १ एप्रिल ते ३१ मार्च लिहा. दाखल्याच्या तारखेत महिना अक्षरांत लिहा. ०४/०७ म्हणजे आपला ४ जुलै, अमेरिकेतल्या वाचकाला ७ एप्रिल. आणि खालची वैधतेची ओळ गाळू नका. मुदत संपल्याचं भाषांतरातून लपवलं, असं वाटायला नको. शिक्का, बारकोड, डिजिटल सही जिथे आहे तिथे चौकोनी कंसात नोंदवा. शिक्क्यावरची अक्षरं वाचता येत नसतील तर 'अपठनीय' लिहा, अंदाजाने भरू नका.

सोलापूरकर
मग नोटरी कशाला? शिक्का मारला की झालं, मजकूर त्यांनी तपासलाच असेल ना.

दस्तनवीस
नोटरी सहसा सही करणाऱ्याची ओळख बघतात. 'रेव्हेन्यू ऑफिसर' की 'तहसीलदार', हे बघणं त्यांचं काम नव्हे. जबाबदारी भाषांतरकाराची. म्हणून शेवटी त्याचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे' हे वाक्य हवं. ब्रिटनच्या व्हिसाच्या कागदांना तर हे लागतंच. जर्मनीत बहुधा तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच चालतं, आपल्याकडे तशी यंत्रणा नाही.

वारणाकाठची
काल भाऊ आणि मी डोमिसाइल समोर ठेवून शब्दांची यादी केली, अकरा शब्द झाले. टायपिस्टच्या भाषांतरातले सहा वेगळे निघाले. त्या ओळीचं आता 'ॲन्युअल इन्कम फ्रॉम ऑल सोर्सेस ऑफ ऑल मेम्बर्स ऑफ द फॅमिली' केलंय. भाषांतर दस्तनवीस काकांच्या ओळखीतल्या एका बाईंकडून झालं. सोबत एक ओळीचं पत्र दिलंय, की आधीचं भाषांतर मागे घेतोय. आज पाठवलं.

तेरणाकाठचा
ताई, मागे घेताना आधीचं का चुकलं ते लिहिलंत का? माझंही जुनं एक भाषांतर एका विद्यापीठात जाऊन पडलंय, त्यात जिल्हा उस्मानाबाद आहे.

वारणाकाठची
नाही लिहिलं. लिहावं की नाही, यावरून आमच्या घरातच दोन मतं होती. उत्तर आलं की इथे टाकते.