बाजारात अचानक जुनी ओळख समोर आली तर? शाळासोबती, जुनं प्रेम... अनुभव सांगा

दादरकरीण
गणपतीच्या आधीच्या रविवारी रानडे रोडवर निम्मी मुंबई उतरलेली असते, त्यामुळे वर्षानुवर्षं न दिसलेली माणसं नेमकी तिथेच कंठ्या नाहीतर तोरणं बघताना समोर येतात. परवा शाळेतला एक मुलगा भेटला (मुलगा कसला, केस पिकलेत). मी नुसती बघत राहिले होते तर त्यानेच सांगून टाकलं, अगं मी अमुक, दहावी ब, तुझ्या मागच्या बाकावर असायचो. "ओळखलंस का? सांग बघू कोण" असला प्रकारच नाही. आईची चौकशी केली, आपली चाळ अजून आहे का विचारलं, आणि "चल, मागून धक्के बसतायत, भेटून बरं वाटलं" म्हणून गेला पण. संध्याकाळपर्यंत मन प्रसन्न होतं माझं. तर तुमचे अनुभव लिहा, शाळेतले, कॉलेजातले, आणि जमत असेल तर एके काळी जवळच्या असलेल्या माणसाचेही. बोललात काय आणि निघालात कसे, हे मुख्य.

मंडईचा_रविवार
पुण्याच्या मंडईत मला ती भेटली, कॉलेजात आमचं होतं आणि मग घरच्यांमुळे आणि थोडं आमच्याचमुळे राहून गेलं. ती अळूच्या जुड्या उलटसुलट करून देठं बघत होती, शेजारी नवरा आणि त्याच्या बोटाला धरून छोटी मुलगी. तिने मान वर केली आणि नजरानजर झाली. मी फक्त हसून मान हलवली आणि होतो तिथेच थांबलो, पुढे गेलो नाही, कारण म्हटलं बोलायचं की नाही ते तिला ठरवू दे, तिच्यासोबत तिची माणसं आहेत. तिनेच हाक मारली, अरे तू इथे कसा! मग मी आधी नवऱ्याकडे बघून नमस्कार म्हटलं, दोन्ही हातांत पिशव्या होत्या म्हणून नुसतीच मान झुकवली, आणि आम्ही एका कॉलेजला होतो एवढंच सांगितलं. खरं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. तिला विचारलं बाबा कसे आहेत, ते मला फार चांगले वागवायचे. ती म्हणाली बरे आहेत, सकाळी फिरायला जातात. तेवढ्यात मुलगी आई चल ना करायला लागली, मी लगेच म्हटलं चला, हिला भूक लागलेली दिसतेय, बाबांना नमस्कार सांग माझा. संपलं. नंबर मागितला नाही, तिनेही नाही. मला त्या भेटीचं अजून समाधान वाटतं.

सरळमार्गी
माझं मत वेगळं. जुनं प्रकरण असेल तर ओळख दाखवायचीच नाही, दुसऱ्या गल्लीत वळायचं. कोणाच्या संसारात कशाला उगाच खडा टाकायचा.

समुपदेशक_ताई
सरळमार्गी, तुमचं अर्धं बरोबर आहे. मी बरीच वर्षं विभक्त झालेल्या जोडप्यांसोबत काम करते. जिथे मारहाण होती, धमक्या होत्या किंवा कोर्टात केस चालू आहे तिथे खुशाल वळा, कोणाला नमस्कार करायला तुम्ही बांधील नाही, आणि समोरचा मागे मागे यायला लागला तर गर्दी सोडून एकट्या गल्लीत जाऊ नका, ओळखीच्या दुकानात शिरा. पण बाकीच्या वेळी नजरानजर झाल्यावर तोंड फिरवलं तर सोबतच्या माणसाला ते हमखास दिसतं आणि घरी गेल्यावर "कोण होतं ते?" हा प्रश्न मोठा होऊन येतो. साधा नमस्कार केला की तो प्रश्न तिथेच मिटतो. मंडईवाल्यांनी समोरच्याला ठरवू दिलं आणि नवऱ्याशी आधी बोलले, म्हणून नवरा परका होऊन उभा राहिला नाही. मी एक सांगते नेहमी, "आपलं ते..." ने सुरू होणारं वाक्य तिथे नको. आठवण काढली की उत्तर द्यावं लागतं, आणि बाजारात माणूस ते देऊ शकत नाही. विचारायचंच तर आईवडिलांचं विचारा, पण तेही माहिती असेल तरच.

बुलडीवाला
आपला प्रॉब्लेम वेगळाच आहे भाऊ. सीताबर्डीवर एक वर्गमित्र भेटते, दर वेळी गळ्यात पडते, चहा पाजते, पण कॉलेजात माझ्याकडून घेतलेल्या पैशाचं नाव काढत नाही. असं रस्त्यात भेटल्यावर मागावं का नाही?

दादरकरीण
@बुलडीवाला पैशाचं रस्त्यात नकोच, फोन करा त्यांना. इथे भेटण्याबद्दल चाललंय 🙂

कोल्हापूरची_मावशी
नावाचं लिहिते जरा. आमच्या वेळच्या पोरींची लग्नात नावं बदलली, शाळेतली एक आणि सासरची दुसरीच. महाद्वार रोडवर मला कुणीतरी माझ्या माहेरच्या नावानं लांबून हाक मारली, इतक्या वर्षांनी ते नाव ऐकून मी तिथंच थबकले, लई बरं वाटलं. सून सोबत होती, ती बघायलाच लागली, आई तुमचं हे नाव? त्यामुळं मला आवडलं, पण एखादीला सासूसमोर नको वाटेल, तेवढं चेहरा बघून बोलावं. आता दुसरी गोष्ट. त्या मैत्रिणीनं विचारलं, मिस्टर काय म्हणतात? माझे मिस्टर कोरोनात गेले. तिला काय माहीत, तिचा काहीच दोष नाही, पण मेथीची जुडी हातात धरून, चार माणसं धक्के मारत असताना मला ते सांगावं लागलं आणि ती बिचारी रडायला लागली. मला वाटतं नुसतं "कशी आहेस गं" विचारावं. ज्याला जे सांगायचंय ते तो सांगतो. मुलं किती, नोकरी कुठं, बारीक का झालीस, हे काही नको. तिनं मात्र माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली आता जा तू घरी, मी रात्री फोन करते, आणि केला.

म्हापश्याचा_शुक्रवार
मावशी, वाचून गलबलून आलं. नंबराबद्दल मला मात्र मंडईवाल्यांसारखं वाटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला शाळेतला जिवलग दोस्त भेटला, आम्ही "भेटूया कधीतरी" म्हणून निघालो आणि ते कधीतरी आलंच नाही. दोस्त असेल तर नंबर घ्यावा, तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्यावा.

समुपदेशक_ताई
दोस्ताचा घ्याच. जुन्या जोडीदाराचा मागायच्या आधी बघा की समोरच्याला नाही म्हणायची सोय आहे का. नवऱ्यासमोर मागितला तर नाही.

घाईत_असलेली
मला कोणी सांगेल का, माझी पाचवीपासूनची वर्गमैत्रीण आमच्या गावच्या आठवडी बाजारात भाजी विकायला बसते. भेटली की खूप आनंदाने बोलते पण मागे गिऱ्हाईकं खोळंबतात, आणि ती माझ्याकडून पैसे घ्यायला तयार होत नाही. मी घासाघीस कधीच करत नाही तिच्याशी. पैसे ठेवून निघाले तर ती रागावते, तसंच घेतलं तर मला लागतं. काय करावं?

मंडईचा_रविवार
एकदा घ्या तिच्या हातचं, मानाने. पुढच्या वेळी पैसे द्या.

कोल्हापूरची_मावशी
नको. तिचा धंदा आहे तो. पैसे दे, आणि वर तिनं घातलेली कोथिंबीर तेवढी घे. गप्पांना बाजार उठायच्या वेळी जा, तेव्हा तिला सवड असते.

घाईत_असलेली
मावशी, बाजार उठतो तेव्हा माझी शेवटची एसटी निघून गेलेली असते 😔 पण कोथिंबिरीचं करून बघते.