अनुभव धागा: परदेशातून घरच्यांनी पैसे पाठवले, पण पासबुकात नाव भलत्याचंच

उदगीरकर
मागच्या धाग्यात तिघा-चौघांनी विचारलं होतं म्हणून वेगळा धागा काढतोय. तुमच्याकडं बहीण, भाऊ, लेक, जावई कुणी बाहेरून पैसे पाठवले अन् बँकेनं नाहीतर इन्कम टॅक्सवाल्यांनी विचारलं असेल, तर काय विचारलं, तुम्ही काय दाखवलं, कुठं अडलं ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

माझी ताई कुवेतला स्टाफ नर्स आहे. 2021-22 ला आम्ही प्लॉट घेतला, रजिस्ट्री 34 लाखाची. 15 लाख लोन, 5 माझे अन् बायकोचे साठवलेले, आणि 14 लाख ताईनं पाच वेळा मिळून पाठवलेले. माझं रिटर्न साडेचार लाखाचं. 30 लाखाच्या वरची रजिस्ट्री असली की रजिस्ट्री ऑफिसातून इन्कम टॅक्सला आपोआप माहिती जाते, त्यामुळं नोटीस आली ह्याचं नवल नाही. पहिला प्रश्न सरळ होता, पैसे कुठून आणले. मी लिहिलं बहिणीनं दिले, बहिणीच्या पासपोर्टची झेरॉक्स अन् साध्या कागदावर तिचं पत्र जोडलं आणि निवांत झालो.

महिन्यानं दुसरा प्रश्न आला. तुमच्या खात्यात बहिणीचं नाव कुठंच दिसत नाही म्हणे. पासबुक काढून बघितलं तर खरंच की! पाचही एंट्रीला `NEFT` अन् पुढं एक्सचेंज कंपनीचं अर्धवट तुटलेलं नाव, बस. ताई तिथं दुकानातल्यासारख्या काउंटरवर दिनार भरते, ती कंपनी इथल्या एका बँकेतल्या आपल्या खात्यातून मला नेफ्ट करते, म्हणजे माझ्या बँकेच्या दृष्टीनं पैसे पाठवणारी ती कंपनी. आमच्या ब्रँचला पत्र मागायला गेलो तर बाई म्हणाल्या, "दादा, आमच्याकडं फक्त व्यवहाराचा यूटीआर नंबर येतो, कुवेतला कोण उभं होतं ते आम्हाला काय माहीत." बरोबरच होतं त्यांचं.

मग ताईला स्लिपा मागितल्या. तिनं जपून ठेवल्या होत्या बिचारीनं, पण त्या थर्मल कागदाच्या, दोन पार कोऱ्या झालेल्या, नुसता पिवळट कागद. नशीब कंपनीच्या ॲपमध्ये हिस्टरी होती आणि तिनं ऑफिसला जाऊन शिक्का मारून स्टेटमेंट आणलं, त्यात तिचं नाव, सिव्हिल आयडी नंबर, माझा खाते नंबर, दिनार, रेट आणि यूटीआर सगळं. मी एका कागदावर पाच ओळी केल्या, तारीख, दिनार, रुपये, यूटीआर, माझ्या पासबुकाचं पान. हा एक कागद बाकी सगळ्यापेक्षा कामाला आला.

चार ओळी जुळल्या. पाचवी, 2 लाखाची, नाही जुळली, ती कंपनीच्या हिस्टरीत नव्हतीच. ताईला फोन केला तर म्हणती, "आरं त्या महिन्यात माझं सिव्हिल आयडी रिन्यूला होतं, काउंटरवाला घेईना, मग रूममेटच्या नावानं टाकले." म्हणजे कागदोपत्री मला 2 लाख केरळच्या एका मुलीनं गिफ्ट दिले! बाकीचं खाली लिहितो, आधी तुम्ही लिहा.

परळी_जंक्शन
एवढं काय घाबरायचं. रक्ताचं नातं असलं की कितीबी घ्या, टॅक्स नाही. माझा भाचा अबुधाबीहून दर दिवाळीला पाठवतो, आजपर्यंत कुणी इचारलं नाही.

जुनी_खाती (नांदेड)
परळीकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी बावीस वर्षं कर सल्लागाराच्या ऑफिसात बसतो, ह्याच गैरसमजावर लोक आपटताना पाहिलेत. कायद्यातली नातेवाइकांची यादी पैसे *घेणाऱ्याच्या* बाजूनं वाचायची. तुम्ही भाच्याला दिले तर तुम्ही त्याच्या आईचे भाऊ, यादीत बसता, त्याला टॅक्स नाही. भाच्यानं तुम्हाला दिले तर तो तुमचा भाऊ नाही, मुलगा नाही, आईबापाचा भाऊ नाही, म्हणजे यादीतच नाही. पुतण्याचंही तसंच, चुलतभाऊ-मावसभाऊही बाहेर. अशा लोकांकडून वर्षात सगळे मिळून 50,000 च्या वर गेले तर पूर्ण रक्कम उत्पन्नात धरतात, नुसती वरची नाही. दिवाळीचे किती येतात ते बघा एकदा.

आता उदगीरकरांचं. अधिकारी तीन गोष्टी बघतो, माणूस खरा आहे का, त्याच्याकडं देण्याएवढा पैसा होता का, आणि पैसा खरंच त्याच्याकडूनच आला का. लोक पहिल्यावरच सगळा जोर लावतात, पासपोर्टच्या दहा झेरॉक्सा. पण नुसत्या पासपोर्टनं माणूस आहे एवढंच ठरतं. दुसऱ्यासाठी पगाराचं पत्र आणि ज्या खात्यात पगार पडतो त्याचं स्टेटमेंट लागतं, तिसऱ्यासाठी तुम्ही केली तशी जुळणी. आणि नातं सिद्ध करायला पासपोर्टचं शेवटचं पान विसरू नका, आईवडिलांची नावं तिथं असतात, दोघांचेही शेजारी ठेवले की निम्मं काम होतं.

परळी_जंक्शन
म्हणजे मामाला भाचा देऊ शकत नाही? हे तर उलटंच झालं, उद्या मला दवाखान्यासाठी 3 लाख पाठवायलाय तो.

मांजराकाठ
मी लातूरची. काका, मग त्यानं त्याच्या आईला पाठवायचे, मुलगा आईला देतो त्याला टॅक्स नाही, आणि आई म्हणजे तुमची बहीणच की, बहिणीनं भावाला दिले त्यालाही नाही. आमच्या सीएनं असंच सांगितलं होतं.

जुनी_खाती
कागदावर दोन्ही पावलं बसतात. पण आज आईच्या खात्यात आले अन् उद्या तेवढेच्या तेवढे मामाकडं गेले, तर अधिकारी म्हणू शकतो की आई नुसती वाटेतली टपाल पेटी आहे. आमच्या ऑफिसातच दोन मतं आहेत ह्यावर. मी सांगणार नाही असं करा म्हणून.

मांजराकाठ
असो. माझा अनुभव बँकेचा आहे. जावयांनी अमेरिकेतून 12 लाख सरळ त्यांच्या खात्यातून आमच्या ह्यांना पाठवले, त्यामुळं नाव वगैरे स्वच्छ आलं. ब्रँचमधून फोन, पैसे आलेत पण पर्पज सांगा, फॉर्म भरा. हे गेले, ह्यांचा इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीचा छोटा धंदा त्याच ब्रँचला आहे, तिथल्या नव्या मुलानं विचारलं धंदा काय, आणि त्यावरून कन्सल्टन्सीचा कोड टाकून दिला. यांनी चष्मा नव्हता म्हणून न वाचता सही केली. पुढच्या वर्षी प्रश्न, परदेशी क्लायंटकडून 12 लाख आले ते धंद्याच्या उत्पन्नात का नाहीत! गिफ्टचा कोड `P1302`, घरखर्चाला पाठवले तर `P1301`, हे मला आता झोपेत विचारलं तरी येतं. बँकेला लेखी अर्ज, जावयांचं पत्र, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलीचा पासपोर्ट, एवढं दिल्यावर दुरुस्त कोडची रेमिटन्स ॲडव्हाइस मिळाली. तीन चकरा आणि पाच आठवडे.

जावई म्हणजे मुलीचा नवरा, तोही यादीत बसतो, हे जुनी_खातींनी लिहिलं नाही म्हणून सांगते.

गंगाखेड_कापूस
माझा मुलगा जर्मनीत शिकतो. मी 9 लाख पाठवले तर बँकेनं टीसीएस कापला, हा परत मिळतो का?

जुनी_खाती
दादा तुमचे पैसे बाहेर गेलेत, इथं आत येणाऱ्यांचं चाललंय. मिळतो, 26एएसमध्ये दिसेल, रिटर्नमध्ये क्लेम करा.

बीडचा_पाव्हणा
आमच्याकडं सगळं हुंडीवर चालतं. भाऊ सौदीत रियाल देतो, इथं संध्याकाळी माणूस रोख आणून देतो, रेट पण चांगला. खात्यात भरायला गेलं की बँकवाले पॅन मागतेत. भावाचा इकामा, तिथला राहायचा परवाना, दाखवला तरी ऐकनात.

जुनी_खाती
इकाम्यानं भाऊ सौदीत आहे हे कळतं, ही रोकड त्याच्याकडून आली हे कशानं कळणार? मधला माणूस लिहून देईल का? उलट तो व्यवहारच बेकायदा आहे, हे तुम्ही लेखी सांगणार का अधिकाऱ्याला? ह्याला कागद नाही, कुणीच करून देऊ शकत नाही.

बीडचा_पाव्हणा
सगळं गाव करतंय की.

उदगीरकर
आता माझ्या पाचव्या ओळीचं. ताईचं बँक स्टेटमेंट मागवलं, त्यात त्याच दिवशी सकाळी रूममेटच्या खात्यात 810 दिनार ट्रान्सफर. रूममेटची दुपारची स्लिप 810 चीच, रुपये दोन लाखाला थोडे वर. तिनं पत्र दिलं की हे पैसे माझे नाहीत, मी फक्त पाठवले, सोबत तिचा पासपोर्ट अन् सिव्हिल आयडी. अनोळखी माणसासाठी एवढं केलं तिनं, ताईनं तिला म्हणून इकडून शेंगदाण्याची चटणी पाठवायला लावली.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. एक, ताईचं पगाराचं पत्र अरबीत. भाषांतर करून जोडा म्हणाले, तिथूनच शिक्क्याचं इंग्रजी मागवलं. दोन, पासपोर्टवर ताईचं लग्नानंतरचं नाव अन् आडनाव सासरचं. सुदैवानं शेवटच्या पानावर वडिलांचं नाव होतं, पण त्यात "दिगंबरराव" अन् माझ्या पासपोर्टवर "दिगंबर". शेवटी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि ताईचं लग्नाचं सर्टिफिकेट जोडलं. दाखला काढायला जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो तर हेडमास्तरांनी 1996 चं रजिस्टर काढलं, वाळवीनं कड खाल्लेली, पण दोघांच्या ओळी शाबूत.

सगळं फेसलेस, कुणाला भेटून सांगायची सोय नाही, म्हणून एकच पीडीएफ केली, वर जुळणीचा तक्ता, खाली प्रत्येक ओळीमागं तिचे कागद. पंधरा दिवसांची मुदत होती, पोर्टलवरच अजून सात मागितले, मिळाले. ऑर्डरमध्ये 14 लाखाला हात लावला नाही. लावला असता तर त्या वर्षाच्या दरानं रुपयाला 78 पैसे टॅक्स, वर दंड वेगळा. मात्र माझ्या स्वतःच्या 5 लाखांपैकी 60,000 चा हिशोब मला देता आला नाही, ते लागले. बायकोचं भिशीचं होतं, कागद कुठला.

धाराशिव_एक्स्प्रेस
माझ्या भावानं आता कॅनडाचं नागरिकत्व घेतलंय. त्याचं वेगळं काही?

जुनी_खाती
टॅक्सला भाऊ तो भाऊच. पण आता तो परदेशी नागरिक, त्यामुळं अशा नातेवाइकांकडून वर्षात 10 लाखाच्या वर आले तर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली तीन महिन्यांत सरकारला कळवावं लागतं. 2022 च्या आधी ही हद्द 1 लाख होती. भारतीय पासपोर्टवाल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर हे लागत नाही. त्याचा जुना, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट मात्र स्कॅन करून ठेवा, कॅनडाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव नसतं.

परळी_जंक्शन
जुनी_खाती, मागच्या तीन दिवाळ्यांचं पासबुक काढलं. 40, 45 अन् ह्या वर्षी 70 हजार. 70 वाल्याचं काय करू सांगा, अन् दवाखान्याचे 3 लाख त्याला थांबवायला सांगितलेत सध्या.